दोनशेची एक

माझी बहीण पल्लवी सासरहून, साक्रीहून माघारी आली तेव्हा तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. कानाचा पडदा फाटला होता. कसा फाटला, हे तिनं फक्त आईला सांगितलं आणि आईनं मला. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कुणी सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असणार, कारण पुढचे दोन महिने त्यांनी तिला परत जा म्हटलं नाही.

मग सासरे झुलालबाबा दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला आबांनी शब्द दिला, "जूनअखेरपर्यंत राहू द्या. तिची पुण्याच्या कंपनीची नोकरी कायम झाली तर पोरगी आपल्या पायावर उभी राहील. नाही झाली तर मी स्वतः आणून सोडतो."

नोकरी घरूनच करायची होती. कुरिअर कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना संगणकावर लिहून उत्तरं द्यायची, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एप्रिल ते जून तीन महिने प्रोबेशन. शेवटच्या महिन्यात हजेरी नव्वद टक्क्यांच्या खाली गेली तर कायम करणार नाहीत, असं नेमणुकीच्या पत्रातच होतं. लॅपटॉप कंपनीचा, पण नेट आपलं, तेही तारेचं आणि नोंदवलेल्या एकाच पत्त्यावरचं. मोबाइलवरचं चालणार नव्हतं.

आमचं घर पहूर गावात नाही. एसटीतून निवृत्त झाल्यावर आबांनी गावाबाहेर, जामनेर रस्त्याला प्लॉट घेऊन पत्र्याचं घर बांधलं. नेटची तार तिथपर्यंत आली, पण वीज शेतीच्या लाइनवरूनच राहिली. गावात दिवसभर लाइट असते. आमच्याकडं एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा ते सकाळी आठ. म्हणजे दर दुसऱ्या आठवड्यात पल्लवीच्या कामाच्या वेळेत लाइट अजिबात नाही.

मी नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालो होतो. इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं तेव्हा बॅटरी किती क्षमतेची हवी, हे मीच काढणार हे घरात कुणी बोलूनही दाखवलं नाही.

एप्रिल लागायच्या आत मी हिशेब मांडला. तिच्या खोलीतला पंखा पंचाहत्तर वॅटचा, आठ तास. आई-आबांचा तसलाच, दुपारचे चार तास. उन्हामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागत, म्हणून नऊ वॅटचा एक दिवा. राउटर बारा वॅट. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तीन तास चालायचा, उरलेले पाच तास चाळीस वॅट. बेरीज बाराशे सत्तर वॅट-तासांच्या आसपास. इन्व्हर्टर त्यातला पाचवा हिस्सा स्वतः खातो, म्हणून बॅटरीतून सोळाशे काढावे लागणार. बारा व्होल्टनं भागलं की एकशे बत्तीस अ‍ॅम्पिअर-तास. दीडशेची बॅटरी जवळजवळ तळापर्यंत उपसली गेली असती आणि वर्षात मेली असती. दोनशेची दोनतृतीयांशच रिकामी झाली असती.

भरण्याचाही विचार मी केला होता. चार्जर पंधरा अ‍ॅम्पिअरचा. रात्री दहा तास लाइट म्हणजे दीडशे. मार्चअखेर घरातल्या प्लगात मीटर घालून व्होल्टेज मोजलं तर दोनशे पंचवीस भरलं. सगळं बसत होतं.

पहूरच्या बसस्टँडाजवळ गफूरभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून देणं हा त्यांचा खरा धंदा. आबांची आणि त्यांची ओळख जुनी, म्हणून बॅटरी घ्यायला जळगावला जाण्याआधी आबा मला त्यांच्याकडं घेऊन गेले.

"जय भीम, आबा. या," गफूरभाई म्हणाले आणि माझा कागद त्यांनी लांब धरून वाचला. "लिहिलंय झकास. कॉलेजात असंच शिकवतात का?"

"चुकलंय का काही?"

"चुकलं नाही. पण दोनशेची एक नको घेऊ. शंभरच्या दोन घे."

"क्षमता तेवढीच होते, गफूरभाई."

"तेवढीच होते ना? मग घे की."

मी त्यांना समजावलं. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडल्या की त्या कधी अगदी सारख्या राहत नाहीत. एक जास्त भरते, एक कमी, आणि कमजोर असलेली दुसरीलाही ओढते. शिवाय दोन्हींत पाणी बघायचं, दोन्हींची टोकं घासायची. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे.

गफूरभाई हसले. "आबा, पोरगा वकील का नाही केला?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, शंभरची लुनावर बसते. दोनशेची उचलायला चार माणसं लागतात."

"पण ती उचलायची कशाला? ती घरातच राहणार."

बाहेर एक ट्रॅक्टरवाला ओरडत होता, गफूरभाई तिकडं गेले. आबांनी मला विचारलं, "काय करायचं?" मी म्हणालो, "दोनशेचीच." आबांच्या ठेवीतून तेवढेच पैसे निघणार होते.

एप्रिल उत्तम गेला. मे महिनाही. इन्व्हर्टरच्या मागं एक खटका असतो. एका बाजूला ठेवला तर लाइट गेल्यावर पंख्याला कळतही नाही इतक्या चटकन बॅटरी काम घेते, दुसऱ्या बाजूला किंचित उशीर होतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. राउटर सुरू होऊन नेट यायला चार मिनिटं लागत. म्हणून मी पहिली बाजू निवडली. पल्लवीची हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के होती. जेवताना ती गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. नागपूरच्या एका बाईनं हरवलेल्या पार्सलात काय होतं ते लिहिताना नवऱ्याची अख्खी तक्रार लिहिली होती. आई म्हणाली, "तूही उलट तुझी लिहायचीस की." खूप दिवसांनी आम्ही चौघं एकदम हसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लाइटची रात्रीची पाळी आली. उकाड्यामुळे आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून झोपायचो, त्यामुळे घरात रात्री काय चाललंय हे कुणी बघत नव्हतं. पहिल्या दिवशी बॅटरी सहापर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी साडेबारालाच इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला आणि पाच मिनिटांत सगळं बंद पडलं.

पल्लवी खोलीतून बाहेर आली. "भाऊ, राउटर गेला."

"बॅटरी रात्री भरली नाही."

"का?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीटर लावला. एकशे बावन्न व्होल्ट. मग सगळं ध्यानात आलं. मी मोजलं ते मार्चमध्ये. तेव्हा गहू निघालेले होते आणि विहिरींवरच्या मोटारी थंड होत्या. आता पाऊस यायच्या आधी कपाशी लावायची म्हणून लाइनवरची प्रत्येक मोटार लाइट आली की सुरू होत होती. केळीवाल्यांच्या होत्याच. मी निवडलेल्या बाजूला इन्व्हर्टर एकशे ऐंशीच्या खालची वीज घेतच नाही. त्याच्या लेखी रात्रभर लाइट आलीच नव्हती.

मी खटका फिरवला. आता वीज घेतली, पण भरण्याचा प्रवाह चारच अ‍ॅम्पिअर. दहा तासांत चाळीस. हवे होते एकशे बत्तीस.

गफूरभाईंकडं गेलो. ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी चहा सांगितला.

"गावात लाइट चांगली आहे," ते म्हणाले. "इथं आण, भरून देतो. पण दोनशेची आहे. आणायची, भरायची, न्यायची, दीड दिवस जाईल. तोवर घरी काय?"

"म्हणून शंभरच्या दोन म्हणत होतात."

"रात्री एक घरी, एक माझ्याकडं. संध्याकाळी आणली असती, सकाळी भरलेली नेली असती. जूनमध्ये मळ्यातले सगळे असंच करतात."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. तू पुस्तक काढलंस." ते चिडून बोलले नाहीत. उलट, त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. "स्टॅबिलायझर देऊ का एक? जुना आहे."

तो नेला. एकशे बावन्नला थोडं उचलायचा, पण तासात दोनदा व्होल्टेज त्याच्याही खाली जायचं आणि तो बंद पडायचा. चाळीसाचे पन्नास झाले. जळगावच्या दुकानदारानं बॅटरी परत घ्यायला नकार दिला. गावात मावशी बेबाबाईंकडं नेट जोडून मागितलं, तर तार यायला तीन आठवडे आणि पत्ता बदलायची कंपनीची परवानगी त्यानंतर.

मी पुन्हा कागद घेतला. राउटर, दिवा आणि लॅपटॉप मिळून जेमतेम चाळीस लागत होते. सगळं गिळत होते ते पंखे.

"मग पंखे बंद कर," पल्लवी म्हणाली.

"बाहेर शेहेचाळीस आहे. पत्र्याखाली आणखी."

"साक्रीला मी चुलीपुढं काढलंय."

आई ओला पंचा तिच्या पाठीवर टाकायची, तासाभरात तो कोरडा व्हायचा. आबा त्यांच्या खोलीतला पंखा लावू देईनात. दिवसभर दारातल्या निंबाखाली बसायचे. पल्लवीनं तीन दिवस तसे काढले. राउटरचे हिरवे दिवे चालू होते, नेटही होतं. पण माणूस सोसतो तसा लॅपटॉप सोसत नाही. तो तापला की स्वतःला बंद करतो. दुपारी दोन ते चार तो पुन्हा पुन्हा बंद पडायला लागला. बारीक पंखा फक्त लॅपटॉपला लावून पाहिला. त्या खोलीतली हवाच गरम होती.

त्या आठवड्यानंतर दिवसाची पाळी आली तेव्हा पल्लवी दोन-दोन तास जास्त बसली. त्याची हजेरी धरत नाहीत असं तिला कळवण्यात आलं. पुढचा रात्रीचा आठवडा पहिल्यासारखाच गेला. पाऊस आला नाही आणि मोटारी थांबल्या नाहीत. पंचवीस तारखेला पत्र आलं. हजेरी एक्याऐंशी टक्के, उरलेले दिवस धरूनही नव्वद होत नव्हती. शुभेच्छा दिल्या होत्या आणि लॅपटॉप कसा परत पाठवायचा ते लिहिलं होतं.

तिनं तो स्वतः पुसला, खोक्यात घातला, चिकटपट्टी लावली. मी म्हणालो, "माझ्या हिशेबामुळं झालं."

"हिशेब बरोबरच होता तुझा," ती म्हणाली. ती टोमणा मारत होती की खरंच तसं समजत होती, हे मला कळलं नाही.

आबांना शब्द पाळायला साक्रीला जावं लागलं नाही. तीस तारखेला झुलालबाबाच आले, टोपी काढून निंबाखाली बसले. "बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात," ते अहिराणीत पल्लवीला म्हणाले, सगळे तिची वाट बघताहेत म्हणे. आबा जमिनीकडं पाहत होते. आईनं पोहे केले. पल्लवीची पिशवी सकाळपासूनच भरलेली होती.

चहा पिताना झुलालबाबांचं लक्ष कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडं गेलं. "आमनाकडे बी लाइट जास दिवसभर," ते मला म्हणाले, म्हणजे त्यांच्याकडंही दिवसभर लाइट नसते. "तू शिकेल शेस. सांग बरं, कितली मोठी बॅटरी लेवानी?"

ते खरंच विचारत होते. त्यात वाकडं काही नव्हतं. मी विचारलं, "लाइट किती वेळ असते? आली म्हणजे किती व्होल्टनं येते?"

"ते काय माहीत नही भाऊ."

"दिवे किती? पंखे किती?"

ते आठवायला लागले, बोटं मोजायला लागले. पल्लवी उंबऱ्यात चपला घालत होती. उजवा कान आमच्याकडं होता.

"पंखा एकच आहे," ती म्हणाली. "तुझ्या दाजींच्या खोलीत. मी चुलीपाशी असते, माझ्याकरता धरू नकोस."

झुलालबाबांनी बशी खाली ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणाले.