एकच चौकट

नागरिकत्व कार्यालयात देशांची नि बेटांची यादी सांभाळणाऱ्या त्या कारकुनांना सगळे यादीवाले म्हणत. कुठलंही बेट विचारा, ते कोणत्या देशाचं हे यादीवाले हातातला चहा न ठेवता सांगत. माणूस ज्याचा तोरा मिरवतो, तिथेच त्याचं नाक कापलं जातं.

जुन्या वहीत प्रत्येक बेटापुढे दोन रकाने होते: सार्वभौमत्व कोणाचं आणि प्रशासन कोणाचं. संगणक आला तेव्हा पडद्यावर एकच चौकट उरली, 'देश'. एका बेटावर पोलीस आपले, टपाल आपलं, जन्ममृत्यूची नोंदही आपली. करारानुसार कारभार आपल्याकडे होता, बेट मात्र दुसऱ्याच राष्ट्राचं. यादीवाल्यांनी बेधडक आपला देश टाकला. भाडेकरूलाच घरमालक करून मोकळे झाले म्हणा ना!

त्या चौकटीच्या भरवशावर बेटावर जन्मलेल्या एका नर्सबाईंना एकोणीस वर्षांपूर्वी पासपोर्ट मिळाला. यंदाच्या तपासणीत चूक उघडी पडली. बेटावर जन्मलं म्हणून आपलं नागरिकत्व मिळत नाही. पासपोर्ट रद्द झाला.

नर्सबाई काउंटरवर आल्या त्या ड्युटीच्या कपड्यांतच.

"काका, माझी आई बेटावर आहे. डॉक्टर म्हणतात, जेमतेम महिना. मला जाऊ द्या."

"पासपोर्टशिवाय विमानात घेणार नाहीत, बाई. तुम्ही त्या देशाच्या वकिलातीत विचारलंत?"

"विचारलं. त्यांच्या दप्तरात माझा जन्मच नाही. नोंद तुमच्या लोकांनी केली होती, ती पडताळायला आठ महिने लागतील म्हणे. बेट त्यांचं, कागद तुमचे. मग मी कोणाची?"

यादीवाले उठले. तसेच ते साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, चूक माझी आहे. त्या नर्सबाईंचा काय दोष?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "पण तुमच्या चुकीने त्यांना हक्क मिळत नाही."

यादीवाल्यांनी तरी वकिलातीला तीन पत्रं पाठवली, दोनदा स्वतः जाऊन दारात उभे राहिले. पत्रांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

तेविसाव्या दिवशी नर्सबाई पुन्हा आल्या. प्रकरणाला जोडायला त्यांनी एक कागद पुढे सरकवला. आईचा मृत्यूचा दाखला. खाली बेटावरच्या आपल्याच प्रशासनाचा ठसठशीत शिक्का.

"हा तरी चालतो ना?"

"चालतो. आई गेल्याच्या पुराव्याला चालतो."

तपासणीनंतर पडद्यावर आता दोन चौकटी झाल्या होत्या. सार्वभौमत्व: त्यांचं. प्रशासन: आपलं. यादीवाल्यांनी दोन्ही भरल्या आणि पडदा नर्सबाईंकडे वळवला.

"आता बरोबर आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"आता अगदी बरोबर आहे."

नर्सबाईंनी दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत, काका?"