रिकाम्या खोक्याचा भाव

"भैय्याजी, खेळण्यापेक्षा रिकाम्या खोक्याले तुम्ही जास्त काहून मानता?"

हा प्रश्न विचारायची माझी हिंमत होणार नाही, अशी वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती. मी तर भर दुकानात विचारला! गांधीबागेत बाबांचं जुन्या सामानाचं दुकान आहे. मुंबईच्या शौकिनांसाठी पत्र्याची जुनी खेळणी गोळा करणारे भैय्याजी तिथं दर दिवाळीआधी येतात.

ते हसले. "पोरं काय करतात? खोकं फाडतात, फेकतात, अन् मोटार सांभाळतात. म्हणून मोटारी मिळतात, खोकी नाही. वरून खोक्यावर कंपनीचा शिक्का राहते, नंबर राहते, रंगीत चित्र राहते. मोटार खरी आहे का, हे खोकं सांगते वं."

माझ्या काळजानं टुणकन उडी मारली. कारण खोकं माझ्याकडं होतं!

आजोबांनी कधीतरी लिलावात चावीची लाल मोटार घेतली होती. वाटणी झाली तेव्हा मोटार काकांच्या पुष्पलताताईला मिळाली, का तर ती मोठी. मला मिळालं नुसतं खोकं. ताईला सगळंच आधी मिळतं. आधी सायकल, आधी रामदासपेठेतलं कॉलेज, आधी "किती गुणाची पोर" हे कौतुक. तिची मोटार काकूच्या शोकेसमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. माझ्या खोक्यात रिबिनी.

मी धावत घरून खोकं आणलं. दर जूनमध्ये वह्यांना घालते तसं त्यालाही मी खाकी कव्हर घालत आले होते, नुसत्या घड्या मारून, डिंक न लावता. कव्हर काढलं तर आतलं चित्र असं चकाकलं की बाबाही वाकून बघू लागले.

"चिकटपट्टी नाही लावली, शाबास," भैय्याजी म्हणाले. "मोटार कुठी हाये?"

ताईला बोलवावंच लागलं. ती मोटार पदरात झाकून आली, जशी काही देवघरातली मूर्ती! उन्हाकडच्या बाजूचा लाल रंग पार गुलाबी पडला होता. मला फार बरं वाटलं.

भैय्याजींनी मोटार उलटी केली, भिंग लावलं. "हा पहा कारखान्याचा शिक्का. अन् खाली 'मेड इन यू.एस. झोन जर्मनी'. मोठी लढाई संपल्यावर जर्मनीचा एक भाग अमेरिकेच्या ताब्यात होता. तितक्याच थोड्या वर्षांत हा छाप मारत. म्हणजे लढाईआधीची नाही, अन् फार उशिराचीही नाही." खोक्यावरही तोच शिक्का, तोच छाप, तोच नंबर.

"दोन्ही मिळून द्या," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच बोलले, "नाही तर एकटं खोकंही घेतो, गोपिका. मुंबईच्या एका साहेबाकडे हीच मोटार हाये, पण बिनखोक्याची. खोक्यासाठी तडफडून राहिला बिचारा."

मग काय! खोकं गेलं की ताईची मोटार कायमची उघडी. ताईचं तोंड उतरलं. "असं नको करू वं गोपी," ती पुटपुटली. पहिल्यांदाच ती माझ्याकडं काही मागत होती. मी मुद्दामच खाकी कव्हराची घडी घालत बसले.

"एकदा बसवून तर पाहू," बाबा म्हणाले.

भैय्याजींनी मोटार आत ठेवली. खोक्याच्या तळाशी गंजाचे चार डाग होते. मी इतकी वर्षं ते रिबिनींखाली बघत होते अन् घाण समजत होते. चारी चाकं नेमकी त्या डागांवर बसली. मागचं एक चाक जरा वाकडं आहे, तर तो डागही तसाच वाकडा!

"जोडी अस्सल," भैय्याजी म्हणाले. "साहेबाची मोटार ह्यात ठेवली तर डाग जुळणार नाही. पण पाहतो कोण तळाशी?"

मला एकदम त्या साहेबाचाच राग आला. त्यानं म्हणे माझं खोकं आपल्या मोटारीला घालायचं, अन् लोकांना म्हणायचं, पहा, अस्सल! ताई निदान घरची आहे. हा कोण लागून गेला? ताईपेक्षाही जास्त ज्याच्यावर जळावं असं कुणी जगात असेल, हे मला माहीतच नव्हतं.

आई डबा घेऊन आली होती. "काय गा, काय गोंधळ हाये?" तिनं बाबांना विचारलं.

मी खोक्यावर हात ठेवला.

"आई, बाबा, ऐका. खोकं एकटं कुठंच जाणार नाही. जाईल तर ताईच्या मोटारीसोबतच जाईल. अन् भाव ताई नाही, मी बोलणार!"