ज्या कडेनं पत्ता उलटला

"डाव्या हातानं काप," वहिनी म्हणाली.

चिमीनं भविष्याच्या पत्त्यांची पिसलेली गड्डी टेबलावर ठेवली, डाव्या हातानं वरचा अर्धा भाग उचलून बाजूला मांडला आणि खुर्चीत मागे रेलली. पन्नाशी उलटली, नोकरीतून मोकळी झाली, तरी या घरात ती चिमीच होती. रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तिनं उभा जन्म काढला. तिथं तिला सगळे मॅडम म्हणत.

"आता विचार. पण एकच गोष्ट विचार. जमीन की सोनं, असं विचारलंस तर पत्ता दोन्हीकडे बोट दाखवील."

"दोन्हीकडे कसं?"

"हे पत्ते तसेच असतात. पैसा आणि माती एकाच घरातले. एकाबद्दल विचार."

"मग जमिनीचंच विचारते. दादाच्या जमिनीत पैसे घालू का?"

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. दादा दारात येऊन उभा राहिला. हातात गाळणं होतं.

"घाल की! पत्त्यांना कशाला विचारतेस? मी बघून आलोय. काळी जमीन, विहिरीला पाणी, पलीकडून मोठा रस्ता होणार आहे."

"होणार आहे, झालेला नाही," चिमी म्हणाली. "आज आत जायला वाट कुठून?"

"शेजाऱ्याच्या बांधावरून. तो जाऊ देतो."

"कागदावर आहे?"

"अगं, माणूस भला आहे."

"भला आहे तोवर जाऊ देईल. उद्या त्याच्या मुलानं कुंपण घातलं तर मी हेलिकॉप्टरनं जाऊ? वकिलाला दाखवलेस कागद?"

"वकील महिना लावील. मुदत या आठवड्यात संपते. उरलेली रक्कम दिली नाही तर इसार बुडाला." दादा हसला, पण गाळण्यातून फरशीवर थेंब पडत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "सोन्यात काय ठेवलंय? कपाटात पडून राहतं. अंडी घालत नाही."

"जमीनही घालत नाही."

"पीक तरी येतं! तू बस वाद घालत." तो आत गेला.

इसार त्यानं ठेव मोडून दिला, असं वहिनी धरून चालली होती. वहिनीला त्यानं तसंच सांगितलं होतं, आणि तिनं फारसं विचारलं नव्हतं. गेले पंधरा दिवस तो रात्री उठून गॅलरीत उभा राहत होता, एवढंच तिला दिसत होतं.

ती हे पत्ते बरीच वर्षं पाहत होती. दुपारी बायका यायच्या, कुणाचं लग्न, कुणाची बदली. घरच्या माणसांसाठी पत्ता काढायचा नाही, हा तिचा नियम होता. आज चिमीनंच हट्ट धरला आणि दादानं तो उचलून धरला.

वहिनीनं गड्डीवरचा पत्ता घेतला. रोज ती पत्ता पुस्तकाचं पान उलटावं तसा आडव्या बाजूनं उलटायची. तसं केलं की पत्त्याचा माथा माथ्याकडेच राहतो. सरळ असेल तर सरळ येतो, उलटा असेल तर उलटा. आज तिचं नख खालच्या कडेला लागलं. तिनं पत्ता तिथून उचलला आणि पुढे उताणा पडू दिला.

पत्ता तिच्या बाजूनं सरळ आला.

ढगातून बाहेर आलेला एक हात. तळव्यावर मोठं सोनेरी नाणं, नाण्यावर पाच टोकांची चांदणी. खाली बाग, पांढरी फुलं, बागेतून जाणारी पायवाट. वाटेच्या टोकाला वेलींची कमान आणि कमानीपलीकडे डोंगर.

वहिनीचा अंगठा पत्त्याच्या कडेवर तसाच राहिला. नेहमीसारखा उलटला असता, तर हात वर गेला असता आणि नाणं खाली लोंबलं असतं.

"नाण्यांचा एक्का," ती म्हणाली.

"आला?" आतून आवाज आला. "चांगला ना?"

"चांगला." तिनं नाण्यावर बोट ठेवलं. "कुणीतरी काहीतरी पुढं करतंय. खरं, हातात धरता येईल असं. पण एक्का म्हणजे बी. पीक नव्हे. पेरायचं, राखायचं आपण."

"आणि उलटा आला असता तर?" चिमीनं विचारलं.

"उलटा नाही आला."

"पण आला असता तर?"

वहिनीनं पत्ता बोटानं थोडा सारखा केला. तो सारखाच होता.

"तर... घाई नको. समोरचं दिसतं तसं नाही. आकडेमोड कच्ची आहे. हातातला पैसा निसटेल."

चिमीनं मान हलवली. पर्समधून चेकबुक काढलं, चष्मा लावला आणि लिहू लागली. पेन कागदावर घासल्याचा आवाज येत होता. अक्षर बारीक, उभं. रक्कम आकड्यात, मग अक्षरात. सही केली आणि चेक फाडून पत्त्याशेजारी ठेवला.

"एवढेच आहेत," ती म्हणाली. "सोन्याचंही मी विचारून आले होते परवा. सराफाकडे."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, दागिना घेऊ नका. घेताना घडणावळ द्याल, विकताना ती कुणी देत नाही. तुकडा घ्या, शुद्धतेचा शिक्का बघून. त्यालासुद्धा विकताना थोडा कमीच भाव मिळतो म्हणाला." चिमीनं चष्मा काढून पुसायला घेतला. "प्रामाणिक वाटला. जुनं सोनं मोडीत घालायचं सगळं समजावून सांगितलं. आटवून बघतात, खडे काढून वजन धरतात, घट कापतात. चांगल्या जाड बांगड्यासुद्धा वाटतं त्यापेक्षा कमीतच जातात."

"हो, तसंच असतं."

"मला बघून बोलायचा थांबला मध्येच. मग म्हणाला, तुमचे दादा बोलले असतीलच."

आत चमचा कपात वाजत होता. साखर कधीच विरघळली असावी.

"तू पत्ता खालून उलटलास," चिमी हळूच म्हणाली. "तुला पत्ते काढताना मी काय आज पहिल्यांदा बघते आहे?"

वहिनीचे कान तापले. तिनं चेककडे पाहिलं, पत्त्याकडे पाहिलं. "मग चेक का लिहिलास?"

"इसार बुडू नये म्हणून. जमीन पुढे विकता येईल, कमीजास्त करून. इसार गेला तर काहीच परत आणता येणार नाही." चिमीनं चष्मा डब्यात ठेवला. "वाटलं होतं, तुला कळायच्या आत सगळं जागच्या जागी येईल. पण तू त्याच्यासाठी पत्ताच फिरवलास. मग गप्प कशी राहू?"

"कशाबद्दल गप्प?"

"वहिनी, लॉकर शेवटचा कधी उघडलास?"

वहिनीचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. तिथं रोजची काचेची एक बांगडी होती. तिनं ती कोपराकडे सरकवली, पुन्हा खाली आणली. तिच्या आईनं दिलेल्या सोन्याच्या चार बांगड्या ती फक्त लग्नाकार्याला लॉकरमधून काढून घालायची. दोन वर्षांत घरात कार्य झालं नव्हतं.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्या किकला ती सुरू झाली आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

तिनं पत्ते गोळा केले. एक्का न बघता गड्डीत सरकवला, गड्डी फडक्यात गुंडाळून गाठ मारली. मग चेक उचलला आणि चिमीच्या चेकबुकात ठेवून चेकबुक मिटलं.

दादा ट्रे घेऊन आला. तीन कप. "मग? ठरलं ना?" त्यानं टेबलावर ट्रेला जागा शोधली. जागा भरपूर होती.

"ट्रे ठेवा," वहिनी म्हणाली. "बसा."

"अगं, बिस्किटं आणतो."

"नकोत. अहो, बसा."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. वहिनीनं एक कप उचलून त्याच्यासमोर ठेवला, बशीतला सांडलेला चहा पदरानं टिपला आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. चिमी खिडकीतून बाहेर बघत होती.

"आधी चहा घ्या," वहिनी म्हणाली. "मग सांगा. मी विचारणार नाही."