बाई थांबतात तिथं

"मी थांबले की समजायचं, तिकडं पेन्सिल चाललीय. तिथं कापू नकोस, कीर्ती."

स्वतःच्या आवाजातल्या धड्याचा पेन ड्राइव्ह हातावर ठेवताना, अंगणवाडी सेविकांना शिकवणाऱ्या प्रेमलाबाईंनी एवढंच सांगितलं होतं. तेव्हाच आवाज चिंध्या झाल्यासारखा येत होता. दुसऱ्या दिवशी घशाची शस्त्रक्रिया. नंतरचा आवाज कसा असेल, डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. कीर्ती म्हणाली होती, "नाही कापणार बाई. शब्द देते."

आणि शनिवारी सकाळी साडेदहाला, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, तिला कळलं की आपण नेमकं तेच कापलंय.

कळलं ते केसरबाईंच्या फोनवरून. मंद्रूपच्या अंगणवाडीच्या या सेविका. नवा ऑनलाइन अभ्यासक्रम सोमवारी सेविकांसाठी खुला व्हायचा होता, त्याआधी एकीनं तरी धडा बघावा म्हणून कीर्तीनं त्यांना व्हिडिओ पाठवला होता.

"कीर्तीताई, बाईस्नी कुणी मागं लागलंय का वो? लई पळत्यात की!"

"म्हणजे?"

"मी रेघ धरूस्तवर त्येंनी टिंब देऊन मोकळं! चष्मा पुसाया बी सवड न्हाय. बरं, मी काढलंय, फोटू पाठवते. बरोबर हाय न्हवं?"

फोटो आला. मुलीच्या वाढीच्या तक्त्यावर पेन्सिलीचं टिंब, हिरव्या पट्ट्यात. कीर्तीनं बोटांनी फोटो मोठा केला. धड्यातली मुलगी चौदा महिन्यांची, वजन सात किलो दोनशे. टिंब पिवळ्यात पडायला हवं होतं. केसरबाईंनी घाईत वर्षाची ठळक रेघ धरली होती, बारा महिन्यांची. दोनच घरं अलीकडं. पण तेवढ्यानं वजनात मागं पडलेलं मूल कागदावर धडधाकट झालं होतं.

"बरोबर हाय का?" केसरबाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही, पण चूक तुमची नाही, माझी आहे," कीर्ती म्हणाली. "थोडं थांबा."

आठवडाभर तिनं सगळं नीट केलं होतं. बाईंच्या सादरीकरणात तक्त्याच्या एकाच पानावर आधी महिन्याची उभी रेघ, मग वजनाची आडवी, मग टिंब असं एकामागून एक उमटायचं. पानाचं चित्र काढलं की हे सगळं एकदमच दिसतं, प्रश्नाआधीच उत्तर. म्हणून तिनं त्या पानाच्या चार प्रती केल्या, दर प्रतीत एकेक गोष्ट वाढवत नेली आणि बाईंच्या शब्दाशब्दावर चित्रं बसवली. पण त्याआधी, ऑफिसप्रमुख सतीशसर "धडा दहा मिनिटांच्या आत, दहा मिनिटांच्या आत" म्हणून डोक्यावर बसलेले असताना, तिनं एक बटण दाबलं होतं. सेकंदापेक्षा मोठी शांतता आपोआप काढून टाकणारं. साडेचौदा मिनिटांचा आवाज नऊवर आला. आणि लॅपटॉपवर जागा नाही म्हणून तीच फाइल तिनं जुन्या नावानं जतन केली. मूळ आवाज आता फक्त बाईंकडे परत गेलेल्या पेन ड्राइव्हवर. बाईंनी तो पुसला नसेल तर.

सतीशसर पलीकडच्या टेबलावर चहा फुंकत होते. "झालं ना? दुपारी चढवून टाकू."

"नाही सर. चुकलंय. परत करावं लागेल."

"आता? अगं, एका सेविकेला नाही जमलं म्हणून?"

"एकीलाच दाखवलंय सर आपण. एकीलाच नाही जमलं."

सरांनी चहा खाली ठेवला. "अगं पण बारा-बारा सेकंद शांत ठेवलंस तर लोकांना वाटेल नेट गेलं. बंद करून टाकतील."

"संध्याकाळपर्यंत द्या मला," एवढं बोलून ती लॅपटॉप उचलून जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरली.

जुळे सोलापूर भागात बाईंच्या घराचं दार उघडंच होतं. देवापुढं समई, आणि पलंगापलीकडं दोरीवर अजून तशाच टांगलेल्या तीन सोलापुरी चादरी. आवाज घुमू नये म्हणून बाईंनी त्यांच्या आडोशाला बसून बोलून घेतलं होतं. बाई खुर्चीत पाटी घेऊन बसल्या होत्या. दर गुरुवारी दुपारपर्यंत मौन धरणारी ही बाई. डॉक्टरांनी सांगितलेलं तीन आठवड्यांचं मौनही त्यांनी व्रतासारखंच घेतलं होतं.

कीर्तीनं एका दमात सगळं सांगितलं. फोटो दाखवला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग हात पुढं केला. लॅपटॉप दे.

हेडफोन कानाला लावून, मांडीवर कोरा तक्ता घेऊन, बाई स्वतःचाच धडा ऐकायला बसल्या. पेन्सिल उचलली. रेघ धरली. दुसरी धरायच्या आत हेडफोनमधल्या बाई पुढं निघून गेल्या होत्या. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागं पडल्या. कीर्तीला वर बघवेना.

तेवढ्यात खुर्ची हलली. बाई आवाज न करता हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्यांनी पाटीवर लिहिलं: 'ही बया कोण? हिची एसटी सुटतीय का?'

कीर्तीला हसू आलं आणि रडूही. "बाई, पेन ड्राइव्ह?"

बाईंनी देव्हाऱ्याच्या खणाकडं बोट दाखवलं. हळदी-कुंकवाच्या डबीशेजारी तो होता. मूळ आवाज, खोकल्यासकट, पंख्याच्या घरघरीसकट, जसाच्या तसा.

पाटी पुसून बाईंनी पुन्हा लिहिलं: 'केसरला टिंब जमल्याशिवाय सोडू नकोस. स्वतः बघ.'

"बघते," कीर्ती म्हणाली. या वेळी 'शब्द देते' म्हणायची तिला लाज वाटली.

ऑफिसात येऊन तिनं पहिल्यांदा मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावानं ठेवली, मग कामाला हात घातला. गंमत अशी की पंख्याची घरघर काढायला तीच शांतता कामी आली. बाई गप्प आहेत त्या तुकड्यात नुसती घरघर होती. तिचा नमुना घेतला आणि तेवढीच सगळीकडून हलकी केली, फार नाही, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. खोकले हातानं, एकेक ऐकून काढले. आणि बाई थांबतात तिथं पडद्यावर लिहिलं, 'आता तुम्ही टिंब द्या', शेजारी हळूहळू मिटत जाणारं वर्तुळ. नेट गेलेलं नाही, पेन्सिल चाललीय, हे बघणाऱ्याला कळावं.

सतीशसर मागं येऊन उभे राहिले होते. "अन् दहा मिनिटं?"

"दोन धडे करते सर. आधी तक्ता वाचायचा, मग टिंब द्यायचं."

सर वर्तुळ मिटेपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, "बाराच सेकंद आहेत हे? लई मोठे वाटतात गं." आणि खुर्चीकडं वळत, "चढवू मग?"

"उद्या सकाळी."

"आता काय राहिलंय?"

कीर्तीनं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. ड्रॉवरमधून दोन कोरे तक्ते काढले, एक पेन्सिल, एक खोडरबर. पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

पावणेपाच वाजत होते. तिनं केसरबाईंना फोन लावला. "घरी आहात ना? चष्मा पुसून ठेवा."

आणि मंद्रूपची गाडी गाठायला ती जिना उतरू लागली, या वेळी न धावता.