मागच्या खोलीचा अर्ज

जयाबाईंनी अर्ज तिसऱ्यांदा लिहिला आणि तरीही त्यांना तो धड वाटेना. पौडच्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. घरमालक हैबतरावांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत चार वर्षं त्यांचं बिऱ्हाड होतं. जूनमध्ये त्यांच्यासोबत राहणाऱ्या धाकट्या भावाला पुण्याला नोकरी लागली आणि मागची खोली रिकामी झाली. शाळेत नव्यानं बदलून आलेली अमिना बाजारपेठेत लांबच्या नात्यातल्या हाफीजच्या घरी सात माणसांत दाटीवाटीनं राहत होती. तिनं गावात चार ठिकाणी विचारलं होतं. एकट्या बाईला कुणी खोली देईना. मागची खोली तिला द्यावी, असं जयाबाईंच्या मनात आलं.

पण भाडेचिठ्ठीत स्पष्ट होतं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही. तसा ठेवला तर जयाबाईंनाच बाहेर काढायचा हक्क हैबतरावांना होता. शिवाय पोटभाडेकरूच्या नावानं ते आधीच पोळले होते. पूर्वीच्या एका कंपाउंडरानं मेव्हण्याला आणून ठेवलं, कंपाउंडर गेला, मेव्हणा हलेना. तीन वर्षं कोर्टाच्या खेपा झाल्या.

म्हणून जयाबाईंनी आधी स्वतः चौकशी केली. अमिनाच्या जुन्या हेडमास्तरांचं पत्र मागवलं. रविवारी घोटवड्याला जाऊन तिच्या पूर्वीच्या घरमालकीण रंभाबाईंना भेटल्या. रंभाबाई म्हणाल्या, "पोर गुणाची. भाडं कदी चुकवलं न्हाई. पन तिचा नवरा हाय ना पुन्याला, तो पिऊन आला नि दाराची फळी फोडली. तिनंच सुतार आणून दार करून दिलं, नि आमाला तरास नको म्हनून आपनहून निगाली."

अमिना एवढंच बोलली होती की ती नवऱ्याकडे राहत नाही. परतताना जयाबाई मनाशी हिशेब करत होत्या. सांगितलं तर खोली मिळायची नाही. लपवलं आणि उद्या तो माणूस दारात उभा राहिला, तर चार वर्षांचा विश्वास पाण्यात आणि दोघीही रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी अमिनाला विचारलं, "मालकांना सांगू का?"

अमिनानं हातातला खडू खाली ठेवला. "सांगा. नाही म्हणाले तर मी वाईट वाटून घेणार नाही."

संध्याकाळी हैबतराव अंगणात दोर वळत बसले होते. त्यांच्या पत्नी गोजराबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. जयाबाईंनी उभ्यानंच अर्ज वाचून दाखवला. खोली एकच, माणूस एकच, अकरा महिने. दोन्ही खोल्यांचं भाडं पूर्वीसारखंच मी देईन, अमिनाकडून येवो न येवो. मी खोली सोडली तर तीही सोडेल. मोडतोडीची भरपाई माझी. मग घोटवड्याला ऐकलेलं सगळं, फळीसकट, त्यांनी सांगितलं. 

हैबतरावांचे हात थांबले. "मंग नको, बाई. तुमी भल्या, पन ही बला आमच्या दारात कशाला?"

"मामा, लपवता आलं असतं मला."

"त्ये कळतंय." त्यांनी दोर बाजूला टाकला. "तो आला, तर कोन निस्तरनार? तुमी?"

जयाबाई म्हणाल्या, "मी पोलीस पाटलांना कळवीन. आणि नाहीच जमलं तर आम्ही दोघी खोल्या रिकाम्या करू. तसं लिहून देते."

गोजराबाई सुपातून वर न बघता म्हणाल्या, "दार कुनी करून दिलं म्हनालात?"

"तिनंच. स्वतःच्या पगारातून."

हैबतरावांनी दोर गोळा केला. "बुदवारी सांगतो," म्हणून उठले.

ते दोन दिवस जयाबाईंनी कसेबसे काढले. अंगणात हैबतरावांची चाहूल लागली की त्या हातातलं काम थांबवून कान देत. अमिना शाळेत रोज नजरेनंच विचारी आणि या नकाराची मान हलवीत.

बुधवारी हैबतराव दुपारच्या एस.टी.नं घोटवड्याहून आले. त्यांनीही रंभाबाईंना गाठलं होतं. अर्ज मागून घेतला आणि चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली. दोघीजणी खोल्या रिकाम्या करतील, असं जयाबाईंनी नव्यानं लिहिलेलं खालचं कलम त्यांनी खोडलं.

"ह्ये काडून टाकलं. तुमच्यावर ह्यो भार नको. तो आला तर मला हाळी मारायची, तुमी बाहेर यायचं न्हाई. भाडं मातर तुमच्याच हातनं घेनार, तिच्या हातनं एक पैसा न्हाई. अकरा म्हयन्यांनी पुन्ना बोलू."

मग त्यांनी अडखळत सही केली आणि तारीख घातली.

अमिना शनिवारी आली. एक ट्रंक, एक वळकटी, पाण्याची घागर. जयाबाईंनी तिला कागद वाचायला दिला. खाली जयाबाईंची सही बघून ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं लिहून दिलंत?"

"आता बुडवू नकोस म्हणजे झालं," जयाबाई म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू नीट आलं नाही.

पुढे कितीतरी महिने अनोळखी माणूस गल्लीत दिसला की त्यांचा हात आपोआप कडीकडे जाई. अमिनाचा नवरा कधी आला नाही. दर अकरा महिन्यांनी कागद नवा होत अमिना तिथं सव्वादोन वर्षं राहिली आणि दर पहिल्या तारखेला सकाळीच पैसे जयाबाईंच्या हातात ठेवत गेली.