शब्दावर बोट

मी धोंडीबा. तापट म्हणून वर्गात आधीच बदनाम. ठाण्याच्या मिशनात आम्हा सहा जणांना उपदेशक करण्याचा वर्ग चाले. पाद्रीसाहेबांचा नियम एकच: बायबलातल्या उताऱ्यावर जे म्हणाल, त्याच्या शब्दावर बोट ठेवा. ठेवता आलं, तर तो अर्थ वचनातून काढलेला. नाही आलं, तर तो तुम्ही घरून आणून वचनात घातलेला.

मला नेमून दिला नामानाचा उतारा. अरामाचा सेनापती नामान, कोड बरं झाल्यावर इस्राएलाच्या देवाला मानू लागतो. पण अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, "माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करील, तेव्हा मलाही वाकावं लागेल. तेवढ्याची परमेश्वर मला क्षमा करो." अलीशा म्हणतो, "शांतीने जा." बस्स, एवढंच!

वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. कल्याणात माझी आई, रंगूबाई, डोळ्यांनी अधू. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून चार वर्षं माझ्याशी बोलली नव्हती. आता तिचा निरोप आला होता, आणि तो सगळ्या मिशनाला ठाऊक झाला होता: "गावदेवीला जायचंय, हात धरायला कोणी नाही. तू ये." त्या देवळाचं दार बुटकं, वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. मी एका बैठकीत लिहून टाकलं, अलीशाने परवानगी दिली!

मग बोट ठेवायला गेलो. परवानगी कुठे होती? नामान क्षमा मागतोय, म्हणजे त्याला स्वतःलाच ते खटकतंय. आणि "शांतीने जा" हे तर मोशेचा सासरा इथ्रोही त्याला निरोप देताना म्हणतो. अरे धोंड्या, आई तुझी, ओढ तुझी, आणि ती संदेष्ट्याच्या तोंडात कोंबतोस? रडू आलं मला, चिडून. ते वाक्य मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझा कागद वर्गासमोर वाचला.

"उत्तम. आता एवढं घाला, अलीशाने नाराजीने निरोप दिला. मूर्तीपुढे वाकणं त्याला कसं चालेल? हे लिहा, की तुमच्या उपदेशकाच्या सनदेवर मी सही करतो."

"साहेब, नाराजीवर बोट ठेवा."

साहेबांचं बोट ओळीवरून पुढे गेलं, मागे आलं. कुठे टेकेना.

"ते उघडच आहे," ते म्हणाले.

"उघड असतं तर दिसलं असतं! मी माझी आई त्यातून बाहेर काढली. तुम्हीही तुमचा राग त्यातून काढून घ्या."

"मग सनद विसरा."

"विसरलो! पण वचनात नाही ते मी लिहिणार नाही. तुमच्यासाठी नाही, आईसाठीही नाही."

मी दाराशी पोचलो तेव्हा ते ओरडले, "आता कल्याणला कोणाच्या परवानगीने जाणार?"

"कोणाच्याच नाही. पाप असेल तर ते माझं. अलीशाला मी साक्षीला ओढणार नाही."

आईने माझा हात चाचपून पाहिला आणि घट्ट धरला. देवळाच्या दाराशी म्हणाली, "वाक रे, डोकं आपटेल."

मी वाकलो. तोंडातून एकच शब्द निघाला, नामानाचाच: क्षमा. त्यावर मात्र मला बोट ठेवता येत होतं.