खालचा फ्यूज

मुलुंडच्या घरातल्या मेन बोर्डावर चिनी मातीचे सहा जुने किटकॅट फ्यूज होते, म्हणून अण्णांनी त्यांच्या जागी सहा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच, आणले. इलेक्ट्रिशियन संघमित्राने बोर्ड तपासून तीनच निवडले.

"बाकीचे?"

"खालचे तिन्ही फ्यूज न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर आहेत, अण्णा. पंख्याचा रेग्युलेटर उघडताना तुम्ही कुठला काढता?"

"खालचाच. हाताला येतो ना!"

तिने तो काढला. पंखा थांबला. मग तिने रेग्युलेटरच्या तारेला टेस्टर टेकवला आणि त्यातला दिवा लागला.

अण्णा पुढे वाकले. "पंखा मेला, तरी तार जिवंत?"

"एमसीबी करंट आणणाऱ्या फेजवरच हवा. न्यूट्रल मी फ्यूजशिवाय सरळ पट्टीवर जोडते. रबरी चपलांनी वाचवलं तुम्हाला."

"आणि मी बोटांतल्या मुंग्यांसाठी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या खातोय गं!"